कोपऱ्यातली घंटा

१

द्वारकाबाईंचं वर्षश्राद्ध होऊन दुसरा दिवस उजाडला आणि गुलाबरावांना कळलं की दुकानाचा बोर्ड गेला.

दुर्गापुऱ्यात त्यांचं छोटं दुकान होतं. काळा मसाला, भाजणी, कुरडया, मेतकूट. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म घालवला, निवृत्त झाल्यावर बायकोच्या हाताच्या जोरावर दुकान टाकलं. बोर्डही तिनेच रंगवलेला. पत्र्यावर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत 'द्वारका गृहउद्योग' आणि भोवती चैत्रांगणातली चित्रं: शंख, कमळ, कासव, नाग, फणी-करंडा, पाळण्यातली गौर. जयपूरच्या बायका येता-जाता थांबून विचारायच्या, हे कुठलं मांडणं? द्वारकाबाई सांगत बसायच्या. मसाला नंतर विकला जायचा.

आता तिथे नुसती लोखंडी चौकट होती. आत भिंतीचा चुना दिसत होता.

जुने मित्र पंढरीनाथ आले तेव्हा गुलाबराव पायरीवर बसून होते. पंढरीनाथ रेल्वेच्या हरवलेल्या मालाच्या कचेरीत होते. माल हरवला असं सांगणारी शंभर माणसं आली तर त्यातली निम्मी खोटी असतात, आणि उरलेल्या निम्म्यांचा माल घरच्याच माणसाने नेलेला असतो, असं त्यांचं मत होतं. निवृत्तीनंतर हे मत आणखी घट्ट झालं होतं.

"पंढरी, चार दिडक्यांचा पत्रा. कोणी नेला असेल रे?"

"भंगारवाला चौकट नेतो, पत्रा नाही," पंढरीनाथ म्हणाले. "लोखंडाला वजन असतं."

त्यांनी स्टुलावर चढून पाहिलं. नट तोडलेले नव्हते. पान्याने सोडवून ओळीने चौकटीवर ठेवलेले होते. काल श्राद्धामुळे दुकान दिवसभर बंद होतं. ज्याने बोर्ड काढला त्याला हे माहीत होतं, घाई नव्हती, आणि रस्त्यावरच्या लोकांनी पाहिलं तरी ते काही बोलणार नाहीत अशी त्याची खात्री होती.

"म्हणजे ओळखीचा," पंढरीनाथ म्हणाले.

गुलाबरावांनी मान वर केली नाही.

२

दुपारपर्यंत ओळखीचे सगळे जमले.

आधी शेषराव आले. पलीकडच्या गल्लीत राहणारे, महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष, आणि दुसऱ्याच्या घरी दुःख झालं की चहा मागणारे. "मी म्हणत होतो, तो बोर्ड मंडळाच्या हॉलमध्ये लावू. माझं ऐकलं असतं तर आज ही वेळ आली नसती."

"काल तुम्ही जेवणावरून लवकर उठलात," पंढरीनाथ म्हणाले.

"पान वाढलं तेव्हा भात गार होता हो. मला गार भात चालत नाही."

श्राद्धाच्या घरी भाताचं तापमान मोजणारा माणूस. पंढरीनाथांनी त्याच्याकडे पाहायचं सोडलं.

मग वैशाली नगरहून जावई आला. स्वप्नील एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्या यादीवर पगार घ्यायचा. कालही जेवण होताच ऑफिसचा फोन आला म्हणून निघून गेला होता.

"बाबा, मतलब, एवढं काय मनाला लावून घेता? पत्राच होता. आपण ब्रँडिंग नीट करू. एकदम एचडी."

"मला तोच हवा," गुलाबराव म्हणाले. "तिचं अक्षर."

"तेच अक्षर येईल. फोटो आहे ना?"

फोटो एकच होता. दिवाळीच्या संध्याकाळी गुलाबरावांनी रस्त्यापलीकडून, स्कूटरवर बसूनच काढलेला. हात हलला होता. जुना फोन बिघडल्यावर मूळ फोटो गेला; उरला तो व्हॉट्सअॅपवरून मुलीला, प्रियंकाला, पाठवलेला, आणि पाठवताना चेपून अगदी लहान झालेला. त्यात बोर्ड तिरका दिसत होता, दिव्यांमुळे सगळं नारिंगी झालं होतं, अक्षरांच्या कडा विरघळल्या होत्या. उजवा खालचा कोपरा तर विजेच्या खांबावरच्या तारांच्या गुंत्याआड गेलेला.

"यातून काय निघणार?" पंढरीनाथांनी विचारलं.

"काका, आजकाल सगळं निघतं," स्वप्नील हसला. ज्या माणसाला आपण काही शिकवत आहोत असं वाटतं, त्याचं ते हसू.

३

फ्लेक्सवाल्याचं नाव रामअवतार कुमावत. तो बोलघेवडा होता, पण काम दाखवताना गप्प होत असे. पंढरीनाथांना तेवढं बरं वाटलं.

त्याने फोटो मोठा करून स्क्रीनवर आणला. नुसते रंगाचे चौकोन झाले. "अंकलजी, हे असंच छापलं तर दुकानावर धुकं लटकेल," तो म्हणाला. "हा फोटो छापायचा नाही. हा फक्त खाली ठेवायचा आणि वरून सगळं नव्याने काढायचं."

चौकटीचं माप त्याने आधीच टेपने घेतलं होतं. त्या मापाचा आयत काढून बोर्डाचे चार कोपरे त्याच्या चार कोपऱ्यांना ओढून बसवले. तिरका बोर्ड समोरून पाहिल्यासारखा सरळ झाला. मग फोटो फिका करून त्याला कुलूप लावलं, म्हणजे तो हलणार नाही, आणि वरच्या थरावर तो अक्षरं गिरवू लागला.

"एखादा तयार फॉन्ट लावून टाक की," शेषराव म्हणाले. ते का आले होते ते कोणालाच माहीत नव्हतं.

"हाताचं अक्षर आहे साहब. फॉन्ट लावला तर दुसऱ्याचंच दुकान होईल."

तो कडेवर एकेक बिंदू टाकायचा, त्याच्या दांड्या ओढून रेघेला वळण द्यायचा. अशी रेघ हिशेबाने बनलेली असते, ठिपक्यांनी नाही. म्हणून कितीही मोठी केली तरी कड फाटत नाही. 'द्वा'चा काना फोटोत पार विरघळला होता. 'का'चा त्यातल्या त्यात ठीक होता. तो पाहून त्याने पहिला ताडला, पण उचलून चिकटवला नाही. "माणूस दोन काने सारखे काढत नाही," तो म्हणाला. चौकटीला रंगाचे टवके चिकटले होते, ते आणून त्याने रंग ठरवले. फोटोतल्या नारिंगी उजेडावर विश्वास ठेवला नाही. फ्लेक्सवर हिरवा मरतो म्हणून हिरव्याची एक छोटी पट्टी छापून टवक्याशेजारी धरली, मग पुन्हा बदलली. चौकटीवर दुमडायला चारी बाजूंनी पट्टी जास्तीची सोडली.

चित्रांपाशी तो अडला. "हे काय आहे? मोर?"

"कासव," गुलाबराव म्हणाले. ते एकेक सांगत गेले. तारांच्या आडचा कोपरा आला.

"इथे तर काहीच नाही दिसत बाबूजी. क्या था?"

"घंटा. देवळातली. वर कडी, खाली घेर. मी रोज बघायचो."

कुमावतने घंटा काढली.

स्वप्नीलने 'नवा बोर्ड' नावाचा ग्रुप केला होता. त्यात गुलाबराव, पंढरीनाथ, शेषराव आणि कुमावत. संध्याकाळी त्यावर नमुना आला. शेषरावांनी अंगठा दाखवला. गुलाबरावांनी हात जोडले. पंढरीनाथांनी सगळं नीट पाहिलं: कासव, नाग, घंटा. ठीक होतं.

४

बॅनर चढला त्या दिवशी गुलाबरावांनी नारळ फोडला आणि बोर्ड गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवले. अक्षर तिचंच होतं. रस्त्यावरची माणसं थांबून म्हणत होती, अरे वा, एकदम नया! शेषराव फोटो काढून घेत होते, जणू बॅनर त्यांनीच करून घेतला.

पंढरीनाथांची बायको मंदाकिनी जरा उशिरा आली. ती रस्त्यातच उभी राहिली.

"काय गं? रिक्षाखाली जाशील."

"फ्लेक्सवाल्याने बत्ती कशी काढली?" ती म्हणाली.

"कसली बत्ती?"

"तो कोपरा बघा. गार्डची हातबत्ती आहे ती. लाल काच, हिरवी काच, वर कडी. द्वारकाने हा बोर्ड आमच्या अंगणात रंगवला, रंगाचा डबा मी धरला होता. मी म्हटलं, चैत्रांगणात बत्ती कुठून आली? तर म्हणाली, गौरीला अंधारात माहेराहून आणायला कोणीतरी हवं ना. आणि मला म्हणाली, ह्यांना सांगू नका, कधी ओळखतात ते बघू."

गुलाबराव ऐकत होते. "घंटा होती," ते म्हणाले.

"खालून घंटाच दिसायची, भाऊजी. तारा आड यायच्या ना."

गुलाबराव वर बघत राहिले. मग ते आत जाऊन गल्ल्यामागे बसले आणि गिऱ्हाईक आलं तरी उठले नाहीत.

पंढरीनाथांनी खिशातून फोन काढून ग्रुपवरचा नमुना पाहिला. तिथे घंटा होती. बॅनरवर बत्ती होती.

"मंदा, तू हे कुणाला सांगितलंस?"

"मेलेल्या बाईचा शब्द मी चौकात वाटेन होय?"

म्हणजे जिवंत माणसांत एकीलाच माहीत होतं, आणि ती बोललेली नव्हती. तरी बत्ती बॅनरवर आली होती. ती आता फक्त एका ठिकाणाहून येऊ शकत होती: चोरीला गेलेल्या बोर्डावरून.

५

"एआयने केलं," कुमावत म्हणाला. नजर मात्र स्क्रीनवर.

"कर बघू पुन्हा. माझ्यासमोर."

कुमावतने अंधुक फोटोचा तो कोपरा कापून फोटो साफ करणाऱ्या प्रोग्रॅमला दिला. कडा सुरेख आल्या. तारांच्या गुंत्याची झाली एक गुळगुळीत वेल. पुन्हा दिला, तर कलश झाला. तिसऱ्यांदा मोराची मान.

"हे ओळखत नाही, अंदाज करतं," पंढरीनाथ म्हणाले. "जगात पुष्कळदा जे पाहिलंय ते दडपून देतं. शेषरावांसारखं. आता मला सांग, याने तुला लाल काच डावीकडे आणि हिरवी उजवीकडे कुठून दिली? जे फोटोत आलंच नाही, ते साफ कसं होईल?"

कुमावतने कपाळ पुसलं.

"बोर्ड तुझ्याकडे आहे?"

"कसम से नहीं, अंकलजी! असता तर पहिल्या नमुन्यात घंटा का काढली असती?"

हे बरोबर होतं. पंढरीनाथांनी तेवढं त्याला देऊन टाकलं. नमुना गेला तेव्हा याने बोर्ड पाहिलेला नव्हता. नमुना ग्रुपवर पडल्यावर कोणीतरी त्याला तो दाखवला. म्हणजे चोर ग्रुपमध्येच होता.

"ती फाईल उघड. बंद करून ठेवलेले थरसुद्धा दाखव."

कुमावतने अंधुक फोटोचा थर दाखवला. अक्षरांचा दाखवला. मग खूप वेळाने, दात काढायला बसल्यासारखा चेहरा करून, एक लपवलेला थर चालू केला.

लख्ख फोटो होता. नुसता कोपरा, अगदी जवळून, दिवसाच्या उजेडात. बत्ती, तिच्या दोन काचा, पत्र्याच्या कडेचा गंज.

"कोणी पाठवला?"

"प्राइवेट में आया था. गिऱ्हाईक आहेत. नाव नका विचारू, माझा धंदा आहे."

"नाव नको," पंढरीनाथ म्हणाले. "मोठा कर."

पत्र्याच्या कडेला धरून मोजायची टेप ठेवलेली होती. आठवणीसाठी फोटो काढणारा माणूस बायकोच्या, सासूच्या, शेजारणीच्या चित्राला टेप लावत नाही. माप आणि गंज दाखवतो तो विकणारा. घेणाऱ्याला माल कळावा म्हणून. हा फोटो कुमावतसाठी काढलेलाच नव्हता. आधी काढलेला होता, दुसऱ्या कोणासाठी, आणि मग इथे उपयोगी पडला.

टेपच्या खाली फरशी नव्हती. खरखरीत सिमेंट होतं, आणि त्यावर पिवळ्या रंगाचा जाड पट्टा. गाडी लावायच्या जागेचा. शेषराव स्वतःच्या बैठ्या घरात राहत होते आणि त्यांच्याकडे सायकल होती. गुलाबरावांची स्कूटर दुकानापुढे मातीत उभी असे. ग्रुपमधल्या एकाच माणसाच्या इमारतीखाली पिवळे पट्टे होते.

आणि ग्रुपमधल्या एकाच माणसाला चूक दिसली की राहवत नसे.

६

वैशाली नगरच्या फ्लॅटमध्ये प्रियंकाने चहा आणला. पंढरीनाथांनी कपाला हात लावला नाही. गुलाबरावांना त्यांनी आणलंच नव्हतं.

"बोर्ड कुठे आहे, स्वप्नील?"

"काका, काय मतलब?"

"नमुन्यात घंटा होती. सगळ्यांनी पाहिली, सगळ्यांनी मान डोलावली. तुला मात्र माहीत होतं की ती घंटा नाही, कारण तू बोर्ड खाली उतरवून, पार्किंगमध्ये आडवा टाकून, टेप लावून फोटो काढले होतेस. गप्प बसला असतास तर मी या जन्मात तुझ्यापर्यंत आलो नसतो. पण तुला चूक सहन झाली नाही. तू ती दुरुस्तीला पाठवलीस."

स्वप्नीलने बायकोकडे पाहिलं. प्रियंका ट्रे हातात धरून उभी होती.

"मी बाबांसाठीच केलं ते," तो म्हणाला. "परफेक्ट व्हावं म्हणून. चुकीचा बॅनर लावू द्यायचा का त्यांना?"

"बोर्ड पळवणं ही चूक नव्हती. घंटा ही चूक होती."

"काका, तुम्हाला नाही कळणार. तो गंजत होता. सी-स्कीमच्या भारी वस्तीत माझ्या मित्राचा कॅफे आहे. हाताने रंगवलेले जुने बोर्ड आजकाल लोक भिंतीवर लावतात. तिथे लोक बघतील, फोटो काढतील. व्हॅल्यू आहे तिथे. इथे कोण बघत होतं? स्वतः बाबांनी तरी—"

"आईच्या श्राद्धाच्या दिवशी?" प्रियंकाने विचारलं.

"दुकान बंद होतं ना त्या दिवशी." त्याने हे असं सांगितलं, जणू यापेक्षा साधं कारण नसतं. "आणि बाबा खूश आहेत ना आता? त्यांना जुन्यापेक्षा चांगला मिळाला. मग प्रॉब्लेम काय आहे, सांगा."

पंढरीनाथांनी नोकरीत पुष्कळ चोर पाहिले होते. पोटासाठी चोरणारे, सवयीने चोरणारे, मत्सराने चोरणारे. या सगळ्यांना चोरलेल्या वस्तूची निदान किंमत तरी कळत होती. हा पहिला, ज्याला ती हातात घेऊन, मोजून, चारी कोपऱ्यांचे फोटो काढूनही कळली नव्हती.

"तुला तो दिसला असता तर तूच यादीत टाकला असतास," ते म्हणाले आणि उठले.

७

कॅफेत गुलाबराव स्वतः आले. नको म्हटलं तरी आले. इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी घालून.

बोर्ड भिंतीवर होता. भिंत अरुंद होती म्हणून पत्रा मधोमध कापला होता. 'द्वारका' एका बाजूला, खालच्या टेबलावर दोन मुलं कॉफी पीत होती. 'गृहउद्योग' आत, हात धुवायच्या बेसिनच्या वर.

मालक नम्र होता. तसले लोक नम्रच असतात. "अंकल, हमने तो खरीदा है. स्वप्नील सर खुद आएं, बात करें, तो ले जाइए. ऐसे कैसे उतार दूँ?"

गुलाबराव दोन्ही तुकड्यांसमोर उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांना ते इतक्या जवळून दिसत होते. आड तारा नव्हत्या. त्यांनी बेसिनपाशी जाऊन, टाचा उंचावून, बत्तीच्या चित्रावर बोट ठेवलं. एका बाईने मागून विचारलं, "आप हाथ धो रहे हैं क्या?"

"नाही," ते मराठीतच म्हणाले आणि बाजूला झाले.

बाहेर येऊन पंढरीनाथ म्हणाले, "ठाण्यावर जाऊ. मी लिहितो तक्रार."

"पोरीचं घर आहे, पंढरी."

"चोराचं आहे."

"दोन्ही एकच आहे," गुलाबराव म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी शिडी लावून फ्लेक्स उतरवला. शेषराव धावत आले. एवढा छान बॅनर, मंडळाला तरी द्या. गुलाबरावांनी देऊन टाकला. शेषरावांनी तो उलटा करून हॉलच्या गळक्या खिडकीला बांधला आहे.

प्रियंका दर रविवारी दुकानात येऊन बसते. एकटी येते. स्वप्नीलने सासऱ्यांना निरोप पाठवलाय की कॅफेवाल्याशी तो बोलणार आहे, सध्या ऑफिसात रिलीज चालू आहे, पुढच्या वीकेंडला नक्की. तसे बरेच वीकेंड गेले.

तक्रार लिहिलेली नाही. चौकट रिकामी आहे. पत्र्याचे दोन्ही तुकडे अजून सी-स्कीममध्येच आहेत. ते उतरवून आणायचे राहिले आहेत.